बेदाणा मशीन की कोल्ड स्टोअरेजचे चेंबर: एनपीव्ही, आयआरआर आणि पेबॅक वेगवेगळे उत्तर देतात तेव्हा

प्रश्न : तासगावजवळ सहा वर्षांच्या भाडेकरारावर एक जागा मिळते आहे. तिथे बेदाण्याचे ग्रेडिंग-पॅकिंग मशीन बसवावे की कोल्ड स्टोअरेजचे एक चेंबर उभारावे, यावर आम्हा भावांचे एकमत होत नाही. दोन्हींचा खर्च 50 लाख. त्यात 30 लाख बँकेचे, 10 टक्के व्याजाने, आणि 20 लाख घरचे. मशीनमधून सहा वर्षांत अनुक्रमे 24, 18, 14, 8, 5, 5 लाख येतील आणि चेंबरमधून 4, 8, 14, 18, 22, 28 लाख येतील, असा अंदाज आहे. आयआरआर आणि पेबॅक मशीनच्या बाजूने बोलतात, एनपीव्ही चेंबरच्या बाजूने. कोणाचे ऐकावे?

उत्तर :

या तीन मोजमापांपैकी एकाला खरे आणि बाकीच्यांना खोटे ठरवण्याची गरज नाही, कारण ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. एनपीव्ही सांगते की आजच्या रुपयांत तुमच्या घरात किती भर पडेल, आयआरआर सांगते की गुंतलेला पैसा गुंतलेला असेपर्यंत कोणत्या दराने वाढतो, आणि पेबॅक फक्त मुद्दल मोकळे व्हायला किती वेळ लागतो एवढेच सांगतो. एका जागेवर दोनपैकी एकच काम उभे राहणार असेल तर निर्णयाचा पाया एनपीव्हीच असावा, हे माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मात्र तुमच्या आकड्यांत एनपीव्हीचा कौल किती नाजूक आहे हे पाहिल्यावर मी शेवटी चेंबरची शिफारस करणार नाही, आणि त्याची कारणे क्रमाने मांडतो.

आधी आकड्यांची शुद्धता. तुम्ही दिलेल्या रकमा नफ्याच्या आहेत की हातात पडणाऱ्या रोखीच्या, हे तपासून घ्या. बँकेसाठी केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये घसारा आणि व्याज वजा करून नफा दाखवलेला असतो, आणि पुष्कळ जण तीच ओळ उचलून एनपीव्हीच्या गणितात घालतात. घसारा हा रोख खर्च नाही, म्हणून तो परत मिळवायला हवा. व्याज वजा करायचे नाही, कारण ज्या दराने आपण पुढचे पैसे आजच्या किमतीत आणतो त्या दरातच व्याज बसलेले असते; दोन्हीकडे धरले तर एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि चांगला प्रकल्पही तोट्यात दिसतो. प्राप्तिकराचेही तसेच आहे. रोख करापूर्वीची असेल तर दरही करापूर्वीचा हवा, करानंतरची असेल तर दर करानंतरचा. पुढचे सगळे गणित मी करापूर्वीचे धरले आहे. मशीनच्या सहाव्या वर्षाच्या 5 लाखांत 1 लाख आणि चेंबरच्या 28 लाखांत 6 लाख हे जुने सामान विकून येणारे असावेत, असे मी धरतो, कारण करार संपल्यावर पॅनेल, कॉम्प्रेसर काढून न्यावे लागतील आणि पाचव्या वर्षाच्या 22 वरून 28 ची उडी नुसत्या भाड्याने बसत नाही.

आता दर. 30 लाख 10 टक्क्यांनी बँकेकडून येत आहेत. घरच्या 20 लाखांना व्याज द्यावे लागत नाही म्हणून ते फुकट नाहीत. ते तुम्ही दुसऱ्या धंद्यात लावले असते तर जे मिळाले असते ते त्यांचे मोल. धोका धरून मी ते 15 टक्के मानतो. 60 टक्के रक्कम 10 ने आणि 40 टक्के रक्कम 15 ने, म्हणजे 6 अधिक 6, असा 12 टक्के दर निघतो. कृषी पायाभूत सुविधा निधीखाली 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त 7 वर्षे 3 टक्के व्याजसवलत आहे. नवीन कर्जाला ती अजून मिळते का हे बँकेत विचारा; तुम्ही त्यात बसलात तर कर्जाचा दर 7 होऊन एकत्रित दर 10.2 वर येईल. मात्र प्रतवारीचे युनिट आणि शीतगृह हे दोन्ही काढणीपश्चात सुविधांतच मोडतात, म्हणून सवलत धरायची तर दोन्हींना धरा. एकाच पारड्यात टाकू नका.

12 टक्क्यांनी मांडणी अशी होते. पुढच्या वर्षी येणारा 1 रुपया आज 0.8929 रुपयाचा, त्याच्या पुढच्या वर्षीचा 0.7972 चा, आणि याप्रमाणे पुढे. रकमा लाखांत आहेत.

| वर्ष | गुणक | मशीनची रोख | आजची किंमत | चेंबरची रोख | आजची किंमत |
|---|---|---|---|---|---|
| 1 | 0.8929 | 24 | 21.43 | 4 | 3.57 |
| 2 | 0.7972 | 18 | 14.35 | 8 | 6.38 |
| 3 | 0.7118 | 14 | 9.96 | 14 | 9.96 |
| 4 | 0.6355 | 8 | 5.08 | 18 | 11.44 |
| 5 | 0.5674 | 5 | 2.84 | 22 | 12.48 |
| 6 | 0.5066 | 5 | 2.53 | 28 | 14.19 |
| एकूण | | 74 | 56.20 | 94 | 58.02 |

50 लाख वजा केले की मशीनची एनपीव्ही 6.20 लाख आणि चेंबरची 8.02 लाख राहते. (दशांशांच्या पूर्णांकनामुळे मशीनच्या बेरजेत 0.01 चा फरक दिसेल, तो सोडून द्या.) साध्या बेरजेत चेंबर 20 लाखांनी पुढे होते, काळाची किंमत वजा केल्यावर ते अंतर 1.82 लाखांवर आले. हा 1.82 चा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विचार त्याच्याभोवती फिरतो.

हेच गणित एक्सेलमध्ये करताना एक चूक फार वेळा आढळते. `NPV` हे सूत्र यादीतल्या पहिल्या रकमेलाही एक वर्ष पुढची समजते. म्हणून आजचा खर्च यादीच्या बाहेर ठेवावा लागतो. खर्च `B2` मध्ये ऋण चिन्हाने आणि सहा वर्षांची रोख `B3` ते `B8` मध्ये असेल, तर सूत्र असे हवे:

```
=NPV(12%,B3:B8)+B2
```

सगळे `B2:B8` एकदम दिले तर चेंबरची एनपीव्ही 8.02 ऐवजी 7.16 दिसते, म्हणजे बरोबर 1.12 ने भागलेली. ही चूक नेहमीच्या तपासणीत पकडली जात नाही. दर शून्य ठेवला तरी उत्तर साध्या बेरजेइतकेच येते, आणि आयआरआरचा दर घातला तरी शून्यच येते, त्यामुळे शीट बरोबर असल्याचा भास होतो. आज 100 देऊन वर्षाने 124 मिळतात अशा दोन ओळी घालून पाहा. 12 टक्क्यांनी उत्तर 10.71 यायला हवे. 9.57 आले तर सूत्र चुकले आहे.

आता आयआरआर. मशीनचा आयआरआर जवळजवळ 18 टक्के आणि चेंबरचा 16.2 टक्के येतो. मग ज्याचा दर जास्त त्याची एनपीव्ही कमी कशी? उत्तर पैसा परत येण्याच्या वेळेत आहे. मशीन पहिल्या दोन वर्षांतच 42 लाख परत देते. त्यानंतर तिच्यात फार थोडा पैसा गुंतलेला उरतो, आणि 18 टक्के दर त्या उरलेल्या थोड्या पैशावरच लागू असतो. चेंबर कमी दराने वाढवते, पण जास्त पैसा जास्त काळ कामाला लावून ठेवते. म्हणून खरा प्रश्न असा की मशीनमधून लवकर सुटलेले ते 42 लाख तुम्ही पुढे कुठे लावणार.

हा प्रश्न आकड्यात आणता येतो. चेंबरच्या रोखीतून मशीनची रोख वर्षागणिक वजा करा: उणे 20, उणे 10, शून्य, अधिक 10, अधिक 17, अधिक 23. याचा अर्थ असा की मशीनऐवजी चेंबर निवडणे म्हणजे पहिल्या दोन वर्षांत 30 लाख सोडणे आणि शेवटच्या तीन वर्षांत 50 लाख मिळवणे. या फरकाचा आयआरआर काढला तर तो 14 टक्के येतो. 14 टक्क्यांनी दोन्हींची एनपीव्ही 3.95 ते 3.96 लाख, म्हणजे सारखीच. तुमचा पैशाचा दर 14 च्या खाली असेल तर चेंबर पुढे, वर असेल तर मशीन पुढे. 10 टक्क्यांनी चेंबरची आघाडी 3.92 लाख होते. 16 टक्क्यांनी मशीन 1.89 लाख आणि चेंबर अवघे 0.27 लाख देते. दोन आयआरआर शेजारी ठेवून मोठा कोणता ते बघण्यापेक्षा फरकाचा हा एकच आयआरआर काढून तो आपल्या दराशी ताडून पाहणे हीच खरी रीत आहे, आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ती क्वचितच दिसते.

दुसऱ्या अंगाने पाहायचे तर सहाव्या वर्षाअखेर हातात किती जमेल ते मोजा. आलेला प्रत्येक पैसा 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकला तर मशीनचे 93.9 लाख होतात आणि चेंबरचे 105.4 लाख. तोच पैसा दरवर्षी 18 टक्के देणाऱ्या धंद्यात फिरवता आला तर मशीनचे 134.8 लाख आणि चेंबरचे 126.7 लाख. ज्याचा बेदाण्याचा खरेदी-विक्रीचा धंदा आहे, ज्याला दर मार्च-एप्रिलमध्ये सौद्यात माल धरायला भांडवल कमी पडते आणि बाहेरून 18 किंवा 24 टक्क्यांनी पैसे उचलावे लागतात, त्याच्यासाठी लवकर आलेला रुपया खरोखरच 18 टक्क्यांचा आहे. ज्याचा पैसा बागेच्या उत्पन्नातून येतो आणि सोसायटीत किंवा बँकेत पडून राहतो, त्याच्यासाठी नाही. तुमच्या घरात यातले काय घडते हे तुम्हालाच माहीत; तुम्ही लिहिलेल्या 10 टक्क्यांच्या कर्जावरून मी तुम्हाला दुसऱ्या गटात धरतो, आणि म्हणून अजून तरी चेंबर पुढे आहे.

मात्र इथवर आपण एक गोष्ट गृहीत धरली: वर्षाची सगळी रोख वर्षाच्या शेवटच्या दिवशी येते. सांगली-तासगाव पट्ट्यात तसे होत नाही. समजा तुम्ही 1 ऑक्टोबरला पैसे घातले. शेडवरचा नवा बेदाणा फेब्रुवारीपासून निघू लागतो, ग्रेडिंगची मजुरी हंगामातच वसूल होते, आणि 31 मेपर्यंत मशीनची वर्षाची बहुतेक रोख हातात येते, म्हणजे वर्ष पुरे व्हायच्या चार महिने आधी. कोल्ड स्टोअरेजचे भाडे मात्र शेतकरी किंवा व्यापारी माल बाहेर काढताना देतो. माल भाव बघून सुटत जातो, काही दिवाळीपर्यंतही राहतो, त्यामुळे त्या रोखीचा मध्य सप्टेंबरच्या आसपास पडतो. म्हणजे चेंबरसाठी वर्षअखेरचे गृहीतक साधारण ठीक आहे, पण मशीनवर ते अन्याय करते.

तारखा धरून गणित करायला `XNPV` आहे. इथे सवय उलटी ठेवावी लागते: आजचा खर्च यादीच्या आतच पहिल्या ओळीत हवा, कारण हे सूत्र पहिल्या तारखेला आधार मानते आणि पुढचे दिवस 365 ने भागून मोजते.

```
=XNPV(0.12,B2:B8,A2:A8)
```

`A2` मध्ये 1 ऑक्टोबर आणि त्याखाली दरवर्षीची 31 मे घातली की मशीनची एनपीव्ही 6.20 वरून सुमारे 8.4 लाखांवर जाते. चेंबर 30 सप्टेंबर धरून 8 लाखांच्या आसपासच राहते. 1.82 लाखांची आघाडी नुसत्या चार महिन्यांत पुसली गेली. दोन्ही प्रकल्पांना वर्षअखेर लावणे वरवर निःपक्षपाती दिसते, परंतु वसुलीचा काळ वेगळा असेल तर ते निःपक्षपाती नसते. हंगामी धंद्याच्या रिपोर्टमध्ये मी आकड्यांच्या आधी तारखांचा रकाना मागतो, तो याच कारणाने.

तेव्हा एनपीव्हीच्या दृष्टीने आता दोन्ही बरोबरीत आहेत असेच म्हणावे लागेल, कारण 50 लाखांच्या प्रकल्पात 40 हजारांचा फरक हा फरकच नव्हे. चेंबरच्या सहाव्या वर्षी जुन्या सामानाचे धरलेले 6 लाख पाहा. वर्षअखेरच्या मूळ गणितातसुद्धा त्यातून 3.6 लाख कमी आले असते, म्हणजे सामान 2.4 लाखांना गेले असते, तरी चेंबर मशीनच्या पातळीवर उतरले असते. सहा वर्षे अमोनिया किंवा फ्रीऑनवर चाललेल्या यंत्रणेला आणि उकलून काढलेल्या पॅनेलला काय भाव येईल, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. उलट बाजूही सांगतो: हा करार वाढण्याची लेखी खात्री असती तर मी सामान विकण्याचा विचारच केला नसता, कारण नीट राखलेले चेंबर सहा वर्षांत थांबत नाही, आणि सातव्या वर्षीचे 20 लाखसुद्धा आजच्या किमतीत 9 लाखांचे असतात. त्या परिस्थितीत चेंबर स्पष्टपणे पुढे गेले असते. सहा वर्षांची मर्यादा चेंबरला जास्त जाचते.

इथे पेबॅक कामाला येतो, मात्र लोक वापरतात त्या कारणासाठी नव्हे. मशीनचा पेबॅक 2 वर्षे 7 महिने आणि चेंबरचा 4 वर्षे 3 महिने, असे सूत्राने निघते. यातले महिने चेंबरच्या बाबतीत निरर्थक आहेत. 1 ऑक्टोबरपासून 4 वर्षे 3 महिने म्हणजे जानेवारी. तेव्हा पाचव्या वर्षाचा माल चेंबरमध्ये आलेलाही नसतो, मग त्याचे भाडे कुठून येणार? खरा पेबॅक पाचव्या वर्षाचा माल सुटू लागेल तेव्हा, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या पुढेमागे. सूत्र वर्षाची रोख बारा महिन्यांत सारखी पसरवते आणि हंगामी धंद्यात तिथेच फसते. शिवाय 12 टक्क्यांचा दर लावून मोजले तर मशीन 3.8 वर्षांत आणि चेंबर 5.4 वर्षांत मोकळे होते. सहा वर्षांच्या करारात 5.4 म्हणजे जवळजवळ सगळी मुदत संपली.

पेबॅकचा खरा उपयोग हप्त्यांशी जोडून पाहण्यात आहे. समजा बँकेने पाच वर्षांची मुदत दिली, त्यात पहिले वर्ष फक्त व्याज आणि नंतर चार समान हप्ते. सोयीसाठी व्याज वर्षाचे एकदम धरू. पहिल्या वर्षी 3 लाख व्याज जाईल आणि चेंबर 4 लाख देईल, म्हणजे 1 लाख उरेल. दुसऱ्या वर्षी मुद्दल 7.5 आणि व्याज 3, असे 10.5 लाख द्यायचे, आणि चेंबरचे येणार 8 लाख. मागचा 1 लाख धरूनही 1.5 लाख कमी पडतात. बँक ज्या गुणोत्तराने पाहते, म्हणजे त्या वर्षाची रोख भागिले त्या वर्षाचा हप्ता, ते 0.76 येते, आणि 1 च्या खाली गेलेले वर्ष पाहून अधिकारी फाइल परत पाठवतो. तिसऱ्या वर्षी 9.75 समोर 14 आहेत, पुढे काहीच अडचण नाही. म्हणजे एनपीव्ही अधिक असलेला प्रकल्प दुसऱ्या वर्षी रोखीअभावी अडकू शकतो, आणि एनपीव्हीच्या एका आकड्यात हे कुठेही दिसत नाही.

यावर उपाय आहे, आणि चेंबर घ्यायचे ठरलेच तर तो वापरा. समान हप्त्यांऐवजी चढते हप्ते मागा: दुसऱ्या वर्षी मुद्दल 4 लाख, तिसऱ्या वर्षी 7, चौथ्या वर्षी 9 आणि पाचव्या वर्षी 10. मग दुसऱ्या वर्षी व्याजासह 7 लाख द्यायचे आणि 8 येणार. तिसऱ्या वर्षी 9.6 समोर 14. चौथ्या वर्षी 10.9 समोर 18. पाचव्या वर्षी 11 समोर 22. मुदत वाढवून मागण्यापेक्षा हे बरे, कारण जागेचा करारच सहा वर्षांचा असल्यामुळे कर्ज करार संपेपर्यंत ताणायला बँक सहसा राजी होत नाही.

आता ज्या मुद्द्यावर मी स्वतः निर्णय घेतला असता तो. चेंबर म्हणजे पाया, पॅनेल, यंत्रणा, आणि सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे वाढीव वीजभाराची मंजुरी आणि ट्रान्सफॉर्मर. ऑक्टोबरमध्ये सुरुवात करून मार्चपर्यंत चेंबर थंड झाले नाही तर त्या वर्षाचा बेदाणा दुसऱ्यांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये जातो आणि एकदा लावलेला माल तिथून कोणी मधेच हलवत नाही. म्हणजे उशीर एक महिन्याचा झाला तरी नुकसान पूर्ण वर्षाचे होते. पहिले वर्ष शून्य, मग 4, 8, 14, 18, आणि सहाव्या वर्षी 22 अधिक सामानाचे 6, असे मांडून पाहा, कारण करार तर ठरलेल्या तारखेलाच संपणार. आजच्या किमतीत ही रोख 42.18 लाख होते आणि एनपीव्ही उणे 7.82 लाखांवर जाते. एका हुकलेल्या हंगामाने 15.84 लाखांचा फरक पडला.

याची शक्यता किती, हे आकड्यात सांगणे अवघड आहे, पण किती शक्यता परवडेल हे सांगता येते. मूळ गणितातली चेंबरची आघाडी 1.82 आणि हुकल्यास होणारी घट 15.84, पहिल्याला दुसऱ्याने भागले की 0.115 येते. हंगाम हुकण्याची शक्यता नवात एकपेक्षा जास्त वाटत असेल, तर चेंबरची सरासरी एनपीव्ही मशीनच्या खाली जाते. आणि हे वर्षअखेरच्या, म्हणजे चेंबरला सोयीच्या गणितात. नवीन वीजजोडणीसह पाच महिन्यांत चेंबर सुरू होण्याबाबत नवात आठ वेळा खात्री देणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. मशीनलाही हंगाम हुकण्याचा धोका आहे, आणि हुकला तर तिचीही एनपीव्ही साधारण उणे 1.6 लाखांवर जाते. मात्र तयार मशीन आणून शेडमध्ये बसवणे आणि चाचणी घेणे हे काम तेवढे लांबत नाही, आणि बसणारा फटकाही चेंबरच्या निम्माच आहे.

मशीनच्या बाजूने एवढे बोलल्यावर तिच्यातला कच्चा दुवाही सांगायला हवा. पहिल्या वर्षाचे 24 लाख हीच तिची सगळी ताकद आहे. ते 24 कशावर धरले? टनामागे मजुरीचा दर आणि हंगामातले टन यांचा गुणाकार असेल, तर दर हा आज चालू असलेला धरला आहे की शेजारी नवीन मशीन आल्यावर उतरलेला, ते पाहा. पहिल्या वर्षी 24 ऐवजी 17 लाख आले, तर आजच्या किमतीत 6.25 लाख कमी होतात आणि वर्षअखेरच्या गणितातली एनपीव्ही जवळजवळ शून्यावर येते. म्हणून मशीनची ऑर्डर देण्याआधी पहिल्या हंगामाचा निदान दोन तृतीयांश माल कोण देणार, त्यांची नावे आणि टन लिहून घ्या. तोंडी शब्द पुरेसा नाही, थोडी उचल घेऊनच बोली करा.

दिलेल्या अटींवर, म्हणजे सहा वर्षांचा करार, वाढीची हमी नाही आणि वीजभार अजून मंजूर नाही, मी मशीन निवडेन. जागामालक करार दहा वर्षांचा करायला तयार झाला, किंवा भाडे आणि मुदत वीजजोडणी मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होईल असे कलम करारात घालायला तयार झाला, तर हे गणित नव्याने मांडा. अशा वेळी खर्चाची तारीखही पुढे ढकलता येते, हंगाम हुकल्याने बसणारा 15.84 लाखांचा फटका बराचसा जातो, आणि चेंबरची पुढची वर्षे हिशेबात येतात. मुदत वेगळी झाली की मशीन सहा वर्षांची आणि चेंबर दहा वर्षांचे असे थेट शेजारी ठेवू नका. मशीन संपल्यावर त्याच जागेत पुढची चार वर्षे काय करणार, त्याची रोखही मशीनच्या रकान्यात घाला, आणि मग दोन्हींची एनपीव्ही 10.2 आणि 12 अशा दोन्ही दरांनी काढा. जागामालकाशी बोलणे झाल्यावर नवीन आकडे पाठवलेत तर फरकाचा आयआरआर कुठे सरकतो ते पाहता येईल.